सिंहेचा पहिला डेकन: सूर्याचा, शनीचा, की मुळात कर्केचाच?

संत्रानगरी
मंडळी, तीन दिवसांपासून डोक्याचा भुगा होऊन राहिला. माझा जन्म २८ जुलै १९९४, सकाळी साडेसात, नागपूर. पाश्चात्त्य पद्धतीने मी सिंह राशीचा. रिकामपणात एका साइटवर पाहिलं, तर म्हणे तुमचा 'पहिला डेकन', त्याचा स्वामी सूर्य, म्हणजे तुम्ही अस्सल, भेसळ नसलेले सिंह. छान वाटलं. दुसऱ्या साइटवर तोच पहिला डेकन, पण स्वामी शनी. त्यांच्या मते मी एकलकोंडा, उशिरा यश मिळणारा. मग महालातल्या आमच्या गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, बाळा, तुझा सूर्य सिंहेत नाहीच, कर्केत आहे, दुसऱ्या द्रेष्काणात, स्वामी मंगळ. आणि द्रेष्काण भावंडांसाठी बघतात, स्वभावासाठी नाही.

सूर्य एक, स्वामी तीन. यातलं खरं कोणतं? आणि 'सिंह' म्हटल्यावर जे कळायचं ते कळतंच, त्यात हे दहा अंशांचं तुकडं नेमकं काय भर घालतं?

वऱ्हाडी ठसका
धाग्याचं नाव वाचून वाटलं पुण्यातल्या डेक्कनवर घर घेऊन राहिला का काय. म्हटलं सिंहेचा पहिला डेक्कन म्हणजे पहिला मजला असंन. चालू द्या, मी तर्री पोहे घेऊन बसलो.

गजानन पंचांगवाले
सोपं आहे. डेकन म्हणजे दहा, म्हणजेच आपला दशमांश. ती दहावी वर्गकुंडली, करिअरसाठी बघतात. पाश्चात्त्यांनी आपल्याकडचंच उचललं आणि नाव बदललं. तुमचा सूर्य दशमांशात कुठे आहे ते टाका, नोकरीचं सांगतो.

मीनलग्न
गजाननराव, इथे 'दहा'नं फसवलं तुम्हाला. दशमांशात राशीचे दहा भाग होतात, एकेक तीन अंशांचा. डेकनमध्ये राशीचे तीन भाग, एकेक दहा अंशांचा. त्यामुळे डेकनचा जोडीदार द्रेष्काण, दशमांश नव्हे.

संत्रानगरी, तुझ्या दोन साइट्सचं भांडण आधी मिटवते, कारण दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिली साइट त्रिकोणाची पद्धत वापरते. राशीचा पहिला भाग त्याच राशीचा, दुसरा तिथून पाचव्या राशीचा, तिसरा नवव्या राशीचा. सिंहेचा पहिला भाग सिंहेचाच, म्हणून सूर्य. दुसरा धनूचा म्हणजे गुरू, तिसरा मेषेचा म्हणजे मंगळ. हाच आपला पाराशरी द्रेष्काण. इंग्लंडात ही पद्धत लोकप्रिय केली ती थिऑसॉफीतल्या अ‍ॅलन लिओने, आणि आज बहुतेक इंग्रजी राशिभविष्यवाले तीच वापरतात.

दुसऱ्या साइटची पद्धत पश्चिमेत त्याहून पुष्कळ जुनी. ती तुला पाठ आहे, फक्त तुला ठाऊक नाही. पंचांगात होऱ्यांचा क्रम असतो ना, रवि, शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू, मंगळ आणि पुन्हा रवि? मेषेच्या पहिल्या दहा अंशांना मंगळ दे आणि तीच माळ ओढत जा. मोजून बघ आणि सिंहेला कोण येतो ते सांग.

संत्रानगरी
मोजलं ताई. मेषेला मंगळ, रवि, शुक्र. वृषभेला बुध, चंद्र, शनी. मिथुनेला गुरू, मंगळ, रवि. कर्केला शुक्र, बुध, चंद्र. आणि सिंहेच्या तोंडाशी शनी! तसंच पुढे नेलं तर मीनेचा शेवटचा तुकडा मंगळाचा येतो आणि मेष पुन्हा मंगळापासून. सलग दोनदा मंगळ. माझं चुकलं का?

मीनलग्न
नाही चुकलं. तुकडे छत्तीस आणि ग्रह सात. पाच फेऱ्यांत पस्तीस संपतात आणि एक उरतो, म्हणून वर्षाच्या सांध्यावर मंगळ दोनदा येतो. आणखी एक गंमत बघ. सिंहेच्या दुसऱ्या भागाला दोन्ही पद्धतींत गुरू येतो, तिसऱ्याला दोन्हींत मंगळ. भांडण फक्त पहिल्या भागात आहे, आणि तू नेमका तिथेच जन्मलास.

शून्य अयनांश
मी सायन, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीने काम करतो, तेव्हा माझी बाजू मांडतो. 'स्वामी शनी' वाचून 'तुम्ही एकलकोंडे' हा निष्कर्ष काढणं म्हणजे शेपूट धरून हत्ती सांगणं. जुन्या पाश्चात्त्य पद्धतीत ग्रहाचं बळ पाच पायऱ्यांनी मोजतात. स्वराशीला ५ गुण, उच्चीला ४, त्रिकोणाच्या स्वामित्वाला ३, 'टर्म' नावाच्या असमान तुकड्याला २ आणि डेकनला १. सगळ्यांत खालची पायरी डेकनची. १६४७ साली विल्यम लिलीने लिहून ठेवलंय की ज्या ग्रहाला फक्त डेकनचंच बळ आहे तो घराबाहेर काढला जायच्या बेतात असलेल्या माणसासारखा, कशीबशी पत टिकवून असलेला.

आता तुमचा सूर्य घ्या. सायन सिंह, ४ अंश ४७ कला. स्वराशीचे ५ आणि दिवसाचा जन्म असल्यामुळे अग्नी त्रिकोणाचे ३, मिळून ८. डेकन शनीचा असल्याने तो एक गुण तेवढा मिळाला नाही. म्हणजे सूर्याचं शनीमुळे काही बिघडलेलं नाही. घर सूर्याचं, फक्त त्या खोलीत शनीची ट्रंक ठेवलेली आहे.

मग भर काय? मी असं करतो. राशीवरून कळतं की माणसाला चारचौघांत उठून दिसायचं आहे. डेकनच्या स्वामीकडे बघतो ते त्या दिसण्याला किंमत कोणती मोजावी लागते यासाठी. आणि तो स्वामी पत्रिकेत कुठे आहे हे बघितल्याशिवाय एक अक्षर बोलत नाही. तुमचा शनी सायन मीनेत, वक्री. म्हणजे ज्याची ट्रंक आहे तोच दूर, मागे वळून बघत बसलेला. 'शिस्तप्रिय' हा शब्द मी इथे वापरणार नाही. 'आपण पुरेसे आहोत का, हे पुन्हापुन्हा तपासणारा' असं म्हणेन. पटतंय का?

संत्रानगरी
बायकोला वाचून दाखवलं. ती हसून हसून लोळून राहिली.

तर्कट
एक साधा हिशेब. सूर्य दिवसाला एक अंश सरकतो, म्हणजे एक डेकन दहा दिवस चालतो. २३ जुलै ते २ ऑगस्टच्या दरम्यान जन्मलेला प्रत्येक जण या 'शनीच्या ट्रंके'चा मालक. आणि 'आपण पुरेसे आहोत का' असं कोणाला वाटत नाही? माझा जन्म फेब्रुवारीतला, मलाही वाटतं.

मीनलग्न
तर्कट, तुमचा पहिला मुद्दा मान्य. सूर्याचा डेकन हा ढोबळच. म्हणून ज्याला काही नेमकं बघायचं असतं तो लग्नाचा, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीचा द्रेष्काण बघतो, कारण नागपुरात सिंह लग्नाचे दहा अंश उगवायला पाऊण तास लागतो, दहा दिवस नाही. दुसऱ्या मुद्द्यावर तुमच्याशी वाद घालायला बसले तर माझा स्वयंपाक राहील.

संत्रानगरी, आता तुझ्या गुरुजींचं. पाश्चात्त्यांचं सायन आणि आपलं निरयन राशिचक्र यांच्यातलं अंतर म्हणजे अयनांश, आणि १९९४ साली चित्रापक्षाचा अयनांश २३ अंश ४७ कलांच्या आसपास होता. सायन सिंहेचे ४ अंश ४७ कला म्हणजे मेषारंभापासून १२४ अंश ४७ कला. त्यातून अयनांश वजा केला की उरतात १०१, म्हणजे कर्केचे ११ अंश. दुसरा द्रेष्काण. कर्केपासून पाचवी वृश्चिक, तिचा स्वामी मंगळ. गुरुजींचं गणित चोख आहे. फक्त हे लक्षात घे की अयनांश चोवीस अंशांजवळ आणि डेकन दहाचा. त्यामुळे सायन डेकन आणि निरयन द्रेष्काण एकमेकांवर कधीच बसत नाहीत, मधल्या सीमासुद्धा जुळत नाहीत. 'पाश्चात्त्य डेकन शनी आणि वैदिक द्रेष्काण मंगळ, म्हणून माझ्यात शनि-मंगळ युती' असलं काही कोणी सांगितलं तर तिथून उठ.

लग्न कोणतं आलंय?

संत्रानगरी
अ‍ॅपमध्ये कर्क लग्न, २७ अंश. म्हणजे तिसरा द्रेष्काण ना? सूर्य लग्नातच दाखवतो. पण गुरुजींनी सिंह लग्न लिहिलंय आणि सूर्य बाराव्यात. मला वाटलं गुरुजींचा चष्मा बदलायचा झालाय.

गजानन पंचांगवाले
याचं उत्तर माझ्याकडे आहे. नागपूरची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे १४ मिनिटं मागे. ती १४ मिनिटं वजा करून ७ वाजून १६ मिनिटं अशी वेळ अ‍ॅपमध्ये टाका. जुने लोक असंच करायचे.

मीनलग्न
गजाननराव, १४ मिनिटं बरोबर, पण ती हाताने गणित करताना. अ‍ॅपला रेखांश दिला की ते वजाबाकी आपणहून करतं. तुम्ही आधीच वजा करून टाकली तर ती दोनदा होते. साडेसातला सिंह लग्न साडेतीन अंशांवर असतं, तुमच्या ७:१६ ला ते जेमतेम सिंहेत आलेलं दिसेल. आणखी दोन मिनिटं मागे गेलात की कर्क.

संत्रानगरी, अ‍ॅपमध्ये गाव कोणतं आहे बघ. वेळ नाही, गाव.

संत्रानगरी
…मुंबई. आपोआप भरलेलं होतं, मी बदललंच नाही.

मीनलग्न
वाटलंच. मुंबई नागपूरच्या पश्चिमेला सव्वासहा अंश, म्हणजे घड्याळात २५ मिनिटं. तुझ्या साडेसातला मुंबईच्या क्षितिजावर कर्केचे २७ अंश होते आणि नागपूरच्या क्षितिजावर सिंहेचे साडेतीन. गाव बदल, सिंह लग्न, पहिला द्रेष्काण येईल. तो साधारण ७:१५ ते ७:५८ टिकतो, तेव्हा 'साडेसात' ही वेळ दहा मिनिटांनी इकडेतिकडे असली तरी बिघडत नाही. गुरुजींचा चष्मा ठीक आहे.

पत्रिकेवरचा द्रेष्काण तपासायची माझी पहिली पायरी हीच. सीमेपासून किती मिनिटांवर आहोत? तीन-चार मिनिटांवर असलो तर द्रेष्काण वाचतच नाही.

सुमनताई
मला ज्योतिषातलं कळत नाही, पण द्रेष्काण शब्द वाचून छातीत धस्स झालं. दोन वर्षांपूर्वी एकाने माझ्या यजमानांची पत्रिका बघून सांगितलं होतं की बाविसावा द्रेष्काण वाईट आहे, त्या ग्रहाच्या दशेत जिवाला धोका. शांतीला बरेच पैसे घेतले. दशा कधीची सुरू झाली, हे रोज अंबाझरीला फिरायला जातात. मी मात्र अजून रात्री उठून त्यांचा श्वास बघते. तो बाविसावा द्रेष्काण खरंच इतका वाईट असतो का?

मीनलग्न
सुमनताई, आधी शांत झोपा. बाविसावा द्रेष्काण प्रत्येक पत्रिकेत असतो. लग्न ज्या द्रेष्काणात त्यापासून बाविसावा मोजला की तो नेहमी आठव्या राशीतला त्याच क्रमांकाचा येतो. संत्रानगरीचा सिंहेचा पहिला, म्हणून त्याचा बाविसावा मीनेचा पहिला, स्वामी गुरू. मुंबईची पत्रिका धरली असती तर कुंभेचा तिसरा, स्वामी शुक्र. म्हणजे एका चुकीच्या गावामुळे भीती घालणारा ग्रहच बदलला असता. आता सांगा, ज्याने तुम्हाला घाबरवलं त्याने जन्मवेळ किती मिनिटांपर्यंत खरी आहे हे विचारलं होतं का?

ग्रंथांत याचा उपयोग मृत्यूचं कारण कोणत्या प्रकारचं, याचा विचार करताना येतो, बाकी बऱ्याच गोष्टींसोबत. केव्हा, हे एकटा तो सांगत नाही. त्यावर पैसे घेणं मला पटत नाही, इतकंच म्हणते.

सुमनताई
वेळ विचारली नव्हती. तारीखच विचारली होती.

शून्य अयनांश
तारखेवरून बाविसावा द्रेष्काण! लग्नाशिवाय मोजला कुठून?

गजानन पंचांगवाले
माझी एक चूक झाली, मान्य. पण मूळ मुद्दा राहिलाच. द्रेष्काण आपलाच आहे, वराहमिहिराने छत्तीसही द्रेष्काणांची वर्णनं केली आहेत. त्यांनी आपल्याकडूनच नेलं.

मीनलग्न
अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं फार सुरस आहे. छत्तीस तुकडे मूळचे इजिप्तचे. तिथे चार हजार वर्षांपूर्वीच्या शवपेट्यांच्या झाकणांवर छत्तीस तारकासमूहांचे तक्ते आहेत, रात्रीचे प्रहर मोजायला. कोणता समूह उगवला त्यावरून वेळ कळायची. ग्रीकांनी ते राशिचक्रावर बसवले, आणि 'द्रेष्काण' हा शब्दच ग्रीक 'डेकानोस'वरून संस्कृतात आला. होरा, केंद्र, तसाच हाही.

पण पुढे उलटा प्रवास झाला. वराहमिहिराच्या बृहज्जातकात मेषेचा पहिला द्रेष्काण असा: कमरेला पांढरं वस्त्र गुंडाळलेला, काळा, लाल डोळ्यांचा, कुऱ्हाड उगारलेला उग्र पुरुष. भारतीयांची ही चित्रं अबू माशरने अरबीत नोंदवली, अरबीतून ती लॅटिनमध्ये गेली, आणि १४७० च्या सुमारास इटलीत फेरारातल्या स्किफानोया महालाच्या भिंतीवर, मार्च महिन्याच्या चित्रात, कमरेला दोर बांधलेला, पांढऱ्या फाटक्या कपड्यातला काळा माणूस रंगवला गेला. कुऱ्हाड तेवढी वाटेत हरवली. तो कोण हे कोणालाच उमगत नव्हतं. १९१२ साली आबी वारबुर्ग या अभ्यासकाने तो वराहमिहिरापर्यंत मागे नेऊन दाखवला. तेव्हा चोरी कोणी कोणाची केली, हे तुम्हीच ठरवा.

वऱ्हाडी ठसका
पोहे संपले, पण हे भारी होतं बावा. आमच्या संत्र्याच्या द्रेष्काणाचं बी चित्र सांगा ना.

मीनलग्न
सूर्याचा, म्हणजे कर्केचा मधला: डोक्यावर कमळं, अंगाशी सर्प, रानात पळसाच्या फांदीला धरून रडणारी स्त्री. लग्नाचा, सिंहेचा पहिला: काटेसावरीवर गिधाड आणि कोल्हा, खाली कुत्रा, आणि मळक्या कपड्यातला, आईबापांपासून तुटलेला रडणारा माणूस.

संत्रानगरी
दोन्हीकडे रडणंच! पण पळस वाचून बरं वाटलं. रामटेकच्या वाटेवर फाल्गुनात नुसता पेटलेला असतो.

ताई, चित्रांचा फलितात उपयोग होतो का? मी चौदाव्या वर्षी होस्टेलला गेलो, तेव्हाचं 'आईबापांपासून तुटलेला' तंतोतंत जुळतं.

मीनलग्न
हे जुळणं मला जरा जपून घ्यावंसं वाटतं. निम्मा विदर्भ शिकायला घराबाहेर पडतो. ही चित्रं मुख्यतः प्रश्नकुंडलीत वापरली जात, चोर कसा दिसतो, हरवलेली वस्तू कुठे आहे वगैरे. जन्मपत्रिकेत मी त्यांच्याकडून फक्त सूर घेते. कर्क म्हटलं की माया, घर, आई असं गोड गोड बोलतात. हा मधला द्रेष्काण सांगतो की याच कर्केत रान आहे, सर्प आहे, आणि स्वामी मंगळ आहे. म्हणजे माया आहे, पण ती फणा काढून बसलेली. तुझा मंगळ वृषभेत, सिंह लग्नाच्या दहाव्यात, तिथे तो दिग्बली, म्हणजे त्या स्थानामुळे बळकट. म्हणून तुझ्या बाबतीत मी म्हणेन की घरच्यांसाठीचा जीव कामात, राबण्यात उतरतो, मिठीत नाही. राशीवरून एवढं आलं नसतं. भर म्हणतात ती एवढीच.

संत्रानगरी
हे वाचून दाखवल्यावर बायको हसली नाही.

पण मग भावंडांचं काय? गुरुजी म्हणाले, भावाशी जमिनीवरून वाद होईल. मी एकुलता एक आहे.

मीनलग्न
द्रेष्काण कुंडलीत तुझं लग्न सिंह आणि भावंडांचा कारक मंगळ मकरेत उच्चीचा, पण सहाव्यात. वादाचं भाकीत बहुतेक तिथून आलं. भावंडंच नसतील तर काही जण चुलत-मावस धरतात, काही जण स्वतःचा पराक्रम धरतात. मला दोन्ही निसरडं वाटतं. पत्रिकेने आधी सांगावं की भावंड आहे की नाही, मग त्याच्याशी वाद.

शून्य अयनांश
ताई, एक अडचण तुमच्याही घरातली काढतो. तुम्ही पाराशरी द्रेष्काण अंतिम धरून चालला आहात. वराहमिहिर स्वतःच सांगतो की काही जण स्वामी वेगळे धरतात: पहिल्याचा त्याच राशीचा, दुसऱ्याचा बाराव्या राशीचा, तिसऱ्याचा अकराव्याचा. तसं केलं तर कर्केचा दुसरा मिथुनेकडे, म्हणजे बुधाकडे जातो. मग फणा काढलेली माया कुठे गेली? बुधाची असेल तर ती नुसती फोन करून करून भंडावणारी माया होईल.

मीनलग्न
ते आहेच. आणि परिवृत्ती द्रेष्काण धरला, म्हणजे मेषेपासून छत्तीस तुकड्यांना ओळीने मेष, वृषभ, मिथुन देत गेलं, तर कर्केचा दुसरा कुंभेवर येतो. मी पाराशरी वापरते कारण माझ्या गुरूंनी तो वापरला आणि चाळीस वर्षांत माझा हात त्यावर बसला. हे कारण तुम्हाला पुरेसं वाटणार नाही, आणि वाटू नये.

संत्रानगरी
थांबा, कुंभेचा स्वामी शनी. म्हणजे फिरून फिरून शनीच?

वऱ्हाडी ठसका
ट्रंक घ्यायला आला असंन.

संत्रानगरी
आत्ता आईला फोन केला होता. जन्मवेळ 'साडेसात' कशावरून लिहिली ते विचारलं. म्हणाली, डॉक्टरीणबाई हात धुऊन बाहेर आल्या तेव्हा आजोबांनी घड्याळ पाहिलं. मी आधीच झालो होतो. किती आधी? म्हणे, 'आता ते काय लक्षात ठेवते का मी. पाच मिनिटं असतील, नाहीतर वीस.'

मीनलग्न
पाच असतील तर सिंहच. वीस असतील तर ७:१०, म्हणजे कर्केच्या शेवटी, तिसरा द्रेष्काण. तुझ्या मुंबईवाल्या अ‍ॅपचाच.

आजोबा आहेत का रे?